खुलताबाद ते विजापूर: पाच दिवस, एक साखळी आणि एक जातं

आत्याला सोबत न्यायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, आणि तिला घेऊन दर्गे बघत एसटीने फिरायचं? पण खुलताबादचं नाव ऐकताच आत्या म्हणाली, "आमच्या बार्शीकडच्या गावाला पीर होता, त्याच्या उरसाला मी मलिदा खाल्लाय. मला काय नवीन नाही." मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि बरीच वर्षं डोक्यात एक प्रश्न घेऊन होते. सूफींनी दख्खनमध्ये इस्लाम पसरवला असं सगळेच म्हणतात. पण कसा, हे विचारलं की चमत्काराच्या गोष्टी पुढे येतात, नाहीतर तलवारीच्या. मला त्यामागची रोजची व्यवस्था पाहायची होती: कोण कुणाला शिकवत होतं, कशाच्या आधारावर, कोणत्या भाषेत.

दिवस पहिला: दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद

संभाजीनगरहून सकाळी सातला निघालो. दौलताबादचा किल्ला आत्याने खालूनच पाहिला आणि खालूनच नमस्कार केला. तिच्या मते जनार्दनस्वामी आणि एकनाथांना नमस्कार पायथ्याशीही पोचतो. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इथे हलवली, ही शाळेतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. राजधानीबरोबर दिल्लीतले दरबारी, मौलवी, कारागीर आणि सूफीही आले, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. राजधानी काही वर्षांतच परत गेली. सूफींपैकी बरेचजण मागे राहिले, आणि मेल्यावर वरच्या पठारावर पुरले गेले. तेच खुलताबाद.

वाटेत कागजीपुरा लागतं. तुघलकाबरोबर आलेल्या कारागिरांपासून इथला हातकागद सुरू झाला असं गावकरी सांगतात. एका शेडमध्ये हौदात लगदा ढवळत एकजण उभा होता. त्याने चौकट बुडवली, हलवली, उचलली आणि ओला पातळ थर कापडावर पालथा घातला. आत्याला ते पापड लाटण्यासारखं वाटलं. मला मात्र बरं वाटलं की खुलताबादच्या आधी कागद भेटला, कारण सूफी तरीका, म्हणजे एका गुरूपरंपरेचा पंथ, ही ढोबळमानाने माणसं आणि कागद यांची साखळीच.

ती चालायची कशी, ते थोडं नीट सांगते. शिष्य होणाऱ्याने पीराच्या हातात हात द्यायचा, त्याला बैअत म्हणतात. मग केस कातरायचे, डोक्यावर टोपी घालायची आणि एक शजरा द्यायचा. शजरा म्हणजे वंशावळ, पण रक्ताची नव्हे, शिकवण्याची: प्रेषितापासून तुमच्या पीरापर्यंत कुणी कुणाला शिकवलं ती नावं, एकाखाली एक. शिष्य शेकड्यांनी असायचे. त्यातल्या मोजक्यांना लेखी परवाना, म्हणजे खिलाफतनामा मिळायचा, आणि त्या खलिफालाच दुसऱ्या गावी जाऊन स्वतः शिष्य करायची मुभा. याशिवाय तिसरा कागद म्हणजे मलफूजात. बैठकीत पीर काय बोलले ते एखादा शिष्य घरी जाऊन तारखेनिशी लिहून काढायचा, पुष्कळदा पुढच्या भेटीत दाखवूनही घ्यायचा. दूरच्या खलिफाकडे अशी वही पोचली की गुरूचा वर्ग तिथे भरला असं समजायचं.

बुऱ्हानुद्दीन गरीब हे असेच एक खलिफा, दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे. दिल्लीत ते गुरूच्या भटारखान्याची व्यवस्था पाहत. म्हातारपणामुळे एकदा घोंगडीची घडी करून तिच्यावर बसले. कुणीतरी चुगली केली की हे आता स्वतःच शेख असल्यासारखे गादीवर बसतात. निजामुद्दीन एवढे रागावले की त्यांनी त्यांना उठवून घरी पाठवलं. शेवटी अमीर खुसरो स्वतःच्या गळ्यात पागोटं बांधून अपराध्यासारखे गुरूपुढे उभे राहिले, तेव्हा माफी मिळाली. आत्या म्हणाली, "एवढ्या घोंगडीवरून?" पण मुद्दा घोंगडीचा नव्हताच. परवान्याआधी गादी घेतली की साखळीतला दुवा खोटा ठरतो, आणि सगळा धंदा त्या दुव्यांच्या खरेपणावर चालायचा.

बुऱ्हानुद्दीन १३३७ मध्ये इथे वारले. दर्गा मोठा, अंगण गार, कबुतरं भरपूर. समोरच्या बाजूला त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांचा दर्गा, आणि त्याच्याच आवारात उघड्यावर औरंगजेबाची साधी कबर. बहुतेक लोक तेवढ्यासाठी येतात, फोटो काढतात आणि वेरूळला पळतात. आम्ही दोघी आतल्या कबरीच्या उंबऱ्याशी बसलो. बायकांनी आत जायचं नसतं असं मुजावराने नम्रपणे सांगितलं होतं. आत्याने त्याचं काही मनावर घेतलं नाही, पण मी ते वहीत टिपलं. पुढे विजापुरात त्याची आठवण झाली.

संध्याकाळी मुजावरांकडून ठरलेली कथा ऐकली: इथे चौदाशे पालख्या आल्या, चौदाशे औलिया, आणि त्यांनी मुलूखच्या मुलूख मुसलमान केला. कथा छान होती. अडचण अशी की ती बऱ्याच उशिरा लिहिली गेली आहे. बुऱ्हानुद्दीनांच्या हयातीत किंवा लगेच मागून त्यांच्या शिष्यांनी लिहिलेल्या वह्या आजही आहेत. अभ्यासकांनी त्या तपासल्या, तर त्यांत धर्मांतराच्या मोहिमेचा मागमूस नाही. आहे ते सगळं आपल्याच शिष्यांना शिकवणं: उपास कसा, मन कसं आवरायचं, समामध्ये म्हणजे कव्वालीच्या बैठकीत कसं बसायचं, आलेला पैसा त्याच दिवशी कसा वाटून टाकायचा. निजामुद्दीनांची वही लिहिणारे कवी हसन सिजझी याच खुलताबादेत पुरले आहेत. त्यांच्या वहीत एक प्रसंग आहे. एक शिष्य आपल्या हिंदू मित्राला घेऊन आला, पीराची नजर पडावी म्हणून. निजामुद्दीनांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, या लोकांची मनं कुणाच्या बोलण्याने बदलत नाहीत. एखाद्या सत्पुरुषाची सोबत मिळाली तर कदाचित. उपदेशावर खुद्द गुरूचाच भरवसा नव्हता. मग गावोगावचे मुसलमान आले कुठून?

दिवस दुसरा: एसटी आणि सोलापूर

आठ तासांच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बीडला चहा पाणचट होता आणि एका ढाब्यावर माझी छत्री राहिली. जानेवारीत छत्री कशाला आणली होती, हे आत्या अजून विचारते आहे.

सोलापुरात आत्याच्या ओळखीचे एक मोमीन विणकर आजोबा आहेत. चादरीचा कारखाना मुलं बघतात, आजोबा दारात बसून असतात. मी विचारलं, तुमच्यात मोमीन कधीपासून? ते लगेच म्हणाले, "आम्ही मूळचे साळी, कोष्टी. गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांनी आम्हाला दीन दिला." तारीख विचारली तर हसले. "सहाशे वर्षं झाली असतील."

हीच गोष्ट इंग्रजी अमलातल्या जिल्हा गॅझेटियरांमध्येही आहे: मोमीन म्हणजे मूळचे साळी-कोष्टी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस गुलबर्ग्याच्या संताने मुसलमान केलेले. पण गॅझेटियर एकोणिसाव्या शतकातलं. लिहिणाऱ्या साहेबाने तरी कुणाला विचारलं असेल? आजोबांच्या पणजोबांनाच. म्हणजे हे दोन पुरावे नव्हेत, एकच आहे, दोनदा छापलेला.

म्हणून ते खोटं असंही नाही. फक्त त्यातून कळतं ते वेगळं. साळ्या-कोष्ट्यांची वस्ती पेठेत असते. सूत कुणाकडून घ्यायचं आणि कापड कुणाला विकायचं, याचे त्यांचे धागे गावाबाहेर, बाजाराच्या गावांशी जुळलेले असतात. बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात ज्या गावांत बाजार, त्याच गावांत किल्लेदार, काझी आणि दर्गा. उरूस म्हणजे जत्रा, जत्रा म्हणजे विक्री. कापड घेऊन जाणारा माणूस वर्षातून दोनदा त्याच दर्ग्याच्या आवारात उतरणार, तिथल्या लंगरात जेवणार, तिथेच उधारीचा तंटा सोडवून घेणार. यात कुणी कुणाला बाटवलं नाही. हळूहळू नवस त्या पीराला, मग मुलाचं नाव त्या पीराचं, मग लग्नाला काझी. काही पिढ्यांनी जमात विचारते, आपण कोण? तेव्हा उत्तर म्हणून त्या पीराचं नाव मागे नेऊन सुरुवातीला बसवलं जातं.

हे मी मनाने रचत नाही. पंजाबात पाकपट्टनला बाबा फरीदांचा दर्गा आहे. फरीद म्हणजे निजामुद्दीनांचे गुरू, म्हणजे साखळी तीच. त्या दर्ग्याच्या प्रभावाखालच्या सियाल नावाच्या टोळीची वंशावळ अमेरिकन अभ्यासक रिचर्ड ईटन यांनी तपासली आणि फक्त नावं मोजली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला दहात एखादं नाव मुसलमानी. सतराव्या शतकाच्या मध्याला निम्म्याहून थोडी जास्त. सगळीच्या सगळी मुसलमानी व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. आणि टोळीला विचाराल तर ते सांगणार, आम्हाला बाबा फरीदांनी मुसलमान केलं. फरीद वारले १२६५ मध्ये.

आजोबांना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांनी चहा पाजला आणि आत्याला एक नॅपकिन भेट दिला.

दिवस तिसरा: गुलबर्गा

सकाळच्या गाडीने दोन तासांत कलबुर्गी. तूरडाळीचा वास नसलेली जागा या शहरात शोधावी लागते. दर्गा स्टेशनपासून लांब, रिक्षाने गेलो. आवार एवढं मोठं की आत्याने आधी बाकडं शोधलं.

सय्यद मुहंमद गेसूदराज, लोकांचे बंदेनवाज. जन्म १३२१, दिल्लीचा. तुघलकाच्या त्या प्रसिद्ध स्थलांतरात पोरवयात दौलताबादला आले. वडील तिथेच गेले, त्यांची कबर आम्ही परवा खुलताबादला पाहिली होती. पोरगा दिल्लीला परतला आणि नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांचा शिष्य झाला. हे नसीरुद्दीन निजामुद्दीनांचे खलिफा. १३५६ मध्ये मरताना त्यांनी सांगितलं की गुरूकडून आलेली कफनी, काठी, जपमाळ सगळं माझ्याबरोबर पुरा. पुढे द्यायला लायक कुणी नाही. साखळी अशीही तुटू शकते. परंपरा सांगते की अंत्यस्नान झाल्यावर गेसूदराजांनी त्या खाटेची सुंभाची दोरी काढून गळ्यात घातली आणि म्हणाले, माझी कफनी ही. आत्याला ही गोष्ट फार आवडली. मला तिच्यात एक धूर्तपणाही दिसतो: परवाना मिळाला नाही, तरी दुवा जोडून घेतला.

१३९८ मध्ये तैमूर दिल्लीवर आला तेव्हा ते सत्तरी ओलांडून पुढे गेले होते. दिल्ली सोडली, ग्वाल्हेर, गुजरात, दौलताबाद असे थांबत थांबत शेवटी बहमनी राजधानीत आले. प्रत्येक मुक्कामावर शिष्य केले. अशा प्रवासातून मुक्कामांची माळ तयार होते, आणि नंतर त्याच वाटेने खलिफा, पत्रं आणि नजराणे ये-जा करतात. फिरोजशाह बहमनीने आधी स्वागत केलं, मग बिनसलं. खानका, म्हणजे सूफींचा मठ, किल्ल्याजवळ होती ती लांब हलवावी लागली. गेसूदराजांनी सुलतानाच्या भावाला, अहमदला आशीर्वाद दिला. १४२२ मध्ये अहमद गादीवर आला आणि त्याच वर्षी शेख वारले. अहमदशाहाने त्यांच्या घराण्याला गावं इनाम दिली.

माझ्या मते इथे गोष्ट वळण घेते. निजामुद्दीन दिवसाचा पैसा दिवसात वाटून टाकायचे आणि राजाकडून जमीन घ्यायला नाही म्हणायचे. इनाम आलं की वारस लागतो, कारण जमीन शिष्याला जात नाही, मुलाला जाते. गुरूची गादी घराण्याची झाली. शिकवणं पातळ झालं असं त्याच काळच्या कडक सूफींनी म्हटलं असतं. पण दुसरीकडे काय झालं? इनामातली कुळं, दर्ग्याचा दिवाबत्तीवाला, नगारेवाला, झाडलोट करणारी बाई, हे सगळे हिंदू शेतकरी आणि कारागीर घरातले लोक दर्ग्याच्या व्यवहारात आले.

खुद्द गेसूदराजांना धर्मांतराबद्दल काय वाटत होतं, तेही त्यांच्या मलफूजात लिहून ठेवलं आहे. आपण ब्राह्मणांची पुस्तकं वाचली, त्यांच्याशी वाद केला, ते मान्य करायचे, आणि मग म्हणायचे, आमच्या वाडवडिलांनी जे केलं तेच आम्ही करणार. कुणाला बायकामुलांची अडचण. थोडक्यात, कुणी आलं नाही. ज्या संताच्या नावावर साळी-कोष्ट्यांची जमात स्वतःचा धर्म सांगते, त्याची स्वतःची तक्रार ही.

दुपारी लंगरात जेवलो. आत्याने मुद्दाम लिहायला सांगितलंय की डाळ चांगली होती.

दिवस चौथा: विजापूर, शहापूर टेकडी

बसने चार तास. गोलघुमट टाळून (खरं तर परतताना पाहिला, आत्याने आत कूजबूज करून स्वतःचाच आवाज ऐकला आणि खूश झाली) आम्ही सरळ शहापूर टेकडीवर गेलो. जुन्या तटाबाहेर, झुडपांत, थोडी चढण. वर पांढऱ्या घुमटाचा दर्गा. इथे तीन पिढ्या आहेत: मीराँजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हानुद्दीन जानम, आणि मीराँजींचे नातू अमीनुद्दीन आला. मीराँजी पंधराव्या शतकाच्या अखेरीस वारले, अमीनुद्दीन १६७५ मध्ये. तरीका निजामुद्दीनांचाच, म्हणजे चिश्ती, साखळी गेसूदराजांच्या शिष्यांमार्फत आलेली.

या घराण्याने केलेली गोष्ट साधी वाटते. त्यांनी फारसी बाजूला ठेवून दख्खनीत लिहिलं. मीराँजींनी एका ठिकाणी त्याचं समर्थन केलं आहे: ज्यांना अरबी-फारसी येत नाही त्यांच्यासाठी हे हिंदीत, म्हणजे दख्खनीत, सांगतो, भाषा पाहू नका, अर्थ पाहा. जानम सोळाव्या शतकाच्या अखेरीस विजापुरात हे लिहीत होते, तेव्हा पैठणला एकनाथही प्राकृताची बाजू मांडत होते, आणि संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांनी केली का, असा त्यांचा सवाल होता. दोघांना एकमेकांची नावं ठाऊक होती का, याने फरक पडत नाही. पंडित आणि मौलवी दोन्हीकडे सारखेच नाराज होते, एवढं नक्की.

पण मीराँजींचे ग्रंथही तसे शिष्यांसाठीच. त्यांत सूक्ष्म तत्त्वज्ञान आहे, भाषा सोपी असली तरी विषय सोपा नाही. माझी सगळी उत्सुकता होती ती या वर्तुळातून पुढे निघालेल्या छोट्या गाण्यांची: चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा. दळतानाची, सूत कातताना म्हणायची, आणि अंगाई.

टेकडीवरून उतरल्यावर एका घरात पाणी मागायला थांबलो. अंगणात जातं होतं. घरातल्या आजी दख्खनी बोलत होत्या, आत्या मराठी. दोघींचं छान जमलं. त्यांच्याकडे अजून लग्नाच्या हळदीसाठी जातं वापरतात. आत्याने खुंटा धरून पाहिला, वरची तळी ढकलली आणि म्हणाली, "टाकी द्यायला झालीय, गुळगुळीत झालंय." आजींनी मान डोलावली.

तिथे मी आत्याला चक्कीनामा समजावला. गाणं दळणाऱ्या बाईला उद्देशून असतं, बहिणी म्हणून. जात्याचा खुंटा उभा असतो, म्हणजे अरबीतलं पहिलं अक्षर, अलिफ, कारण अलिफ म्हणजे नुसती उभी रेघ. आणि अलिफने अल्लाह सुरू होतो. मधला खिळा, ज्याच्याभोवती तळी फिरते, तो मुहंमद. खिळा दिसत नाही, पण तो नसला तर तळी घसरते आणि पीठ पडत नाही. जातं फिरणं हेच त्याचं जिवंत असणं, जसा आपला श्वास. आणि दर कडव्याला पालुपद: या बिस्मिल्लाह, हू हू अल्लाह. "हू" म्हणताना श्वास बाहेर पडतो, आणि खुंटा स्वतःकडे ओढताना दळणारीचा श्वास तसाच बाहेर पडतो. आत्याने लगेच करून पाहिलं. दोन फेऱ्या, एक "हू". "बसतंय," म्हणाली.

चरखानाम्यात हे आणखी पक्कं आहे. सूफींच्या साधनेत जिक्र, म्हणजे नामस्मरण, पायऱ्यांनी शिकवतात: आधी जली, मोठ्याने, मग कल्बी, मनातल्या मनात, मग ऐनी, जिथे डोळ्यांनीच पाहणं होतं. खानकेत हे शिकायला वर्षं जातात आणि पीर समोर असावा लागतो. गाणं सांगतं: कापूस हातात घेशील तेव्हा जली कर, कापूस पिंजून सोडवशील तेव्हा कल्बी, सूत गुंडाळशील तेव्हा ऐनी. हातांना माहीत असलेल्या तीन क्रियांना तीन पायऱ्या बांधून टाकल्या. निरक्षर बाईला पाठांतराचा दोरा आधीच हातात.

आणि साखळीचं काय? मला वाटतं, या गाण्यांतली सगळ्यात हुशारीची जागा ती आहे. गाणं अल्लाहपासून निघतं, मुहंमदाकडे येतं, तिथून पीराकडे, आणि पीराकडून म्हणणाऱ्या बाईपर्यंत. पहिल्या दिवशी कागजीपुऱ्यात ज्याला मी शजरा म्हणाले तो हाच, कागदाविना. बैअत नाही, टोपी नाही, परवाना नाही. खुलताबादच्या उंबऱ्यावर थांबवलेल्या बायकांच्या हातात शजरा जात्यातून आला.

आता सावधपणा. ही गाणी लिहिलेल्या हस्तलिखितांतून आली आहेत, बरीचशी सतराव्या-अठराव्या शतकातली. लिहिणारे सूफी किंवा त्यांचे शिष्य, पुरुष. कुठल्या गावात किती बायका ती म्हणत होत्या, ते हस्तलिखित सांगत नाही. ईटन यांचाही अंदाज असा की ही गाणी गावोगाव धर्मांतर करायला रचलेली नव्हती. दर्ग्याच्या आवारात काम करणाऱ्या, नवसाला आलेल्या, मूल व्हावं म्हणून ताईत घ्यायला आलेल्या बायका आधीच भोवती होत्या. त्यांना सोपं काही द्यावं एवढाच हेतू. पण बाई घरी जाते. पहाटे चारला जातं सुरू होतं आणि मांडीवर पोर असतं. ते पोर नमाज शिकायच्या कितीतरी आधी "हू" आणि पीराचं नाव शिकतं. मौलवी गावात येईल तेव्हा येईल.

आत्याला मी विचारलं, तू काय म्हणायचीस दळताना? ती म्हणाली, "पहिली ओवी गणपतीला, दुसरी विठ्ठलाला, तिसरी माहेराला. आमच्या शेजारची मुलाण्याची सून पीराला म्हणायची. जातं एकच होतं, वाड्यातलं. आळीपाळीने दळायचो." मग थोडं थांबून, "तिची चाल माझीच होती. कुणी कुणाची घेतली, कुणास ठाऊक."

दिवस पाचवा: परत सोलापूर

परतीच्या बसमध्ये मी तिला मुलाण्याबद्दल विचारत राहिले, कारण गावाकडची कडी तिथेच होती. मुलाणी हा गावगाड्यातला हक्कदार. बकरं पडायचं तर तो येणार, कलमा म्हणून सुरी फिरवणार, आणि खळ्यावर धान्य मोजताना त्याचा वाटा निघणार. त्याला नमाज फारशी येत नसे, आत्याच्या आठवणीतल्या मुलाण्याला तर नाहीच. पीराच्या ठिकाणी दिवा लावणं, मोहरमला पंजे बसवणं, ताबूत काढणं, एवढं त्याच्याकडे. मराठ्यांची घरंच पंजाला नारळ द्यायची. पीरांच्या साखळीतला हा शेवटचा दुवा. विजापूरच्या खानकेत बसलेल्या पीरजाद्याने त्याला शिष्य म्हणून ओळखलंही नसतं. तरी त्याच्या सुनेच्या तोंडात तीच साखळी होती.

विसाव्या शतकात गावात पिठाची गिरणी आली आणि आत्याचं दळण सुटलं. सोलापूरच्या घरी पोचल्यावर मी परसात जाऊन तिचं जातं पाहिलं. वरची तळी भिंतीला टेकवलेली, खालच्या तळीवर कोरफडीची कुंडी. कुंडी हलवली तर मध्ये नुसतं भोक, खिळा गायब.

"तो तुझ्या काकाने कपड्यांच्या दोरीसाठी भिंतीत ठोकला," आत्या मागून म्हणाली. "दे काढून. आणि पाथरवट शोध, टाकी लावून घेऊ."

खिळा अजून दोरीलाच आहे. कपडे वाळत होते, म्हणून राहिलं.